कुलूप काढलेलं कपाट

शाळेच्या ग्रंथपालाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती पडताळणीची. दाखल नोंदवहीतल्या प्रत्येक क्रमांकाचं पुस्तक जागेवर सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर त्याची भरपाई आपल्याच माथी येणार, ही भीती कायमची. त्यामुळे कितीतरी शाळांत पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ग्रंथपालाच्या पर्समध्ये असा बंदोबस्त असतो. हिशेब चोख राहतो, पुस्तकं कोरी राहतात. मुलं काचेतून नावं वाचतात आणि मधली सुट्टी संपली की वर्गात जातात.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका अनुदानित माध्यमिक शाळेत, एका बाईंनी हे कुलूप काढलं. नाव छापायला त्यांची ना आहे. मुलं त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, तेच इथेही पुरे.

कुलूप काढायचं तर आधी मुख्याध्यापकांना पटवायला हवं होतं. बाईंनी त्यांच्यासमोर केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतली एक तरतूद ठेवली. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं हरवली, तर ते नुकसान वाजवी धरावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असं ती सांगते. १,००० रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं, तर चौकशी व्हायलाच हवी, हेही तिथेच आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठीचा. खासगी संस्थेच्या शाळेला तो बांधील नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. पण सरकारच जर थोडं नुकसान गृहीत धरतं, तर आपण का नाही, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. वर्षाला ४,००० वेळा पुस्तकं बाहेर गेली तर २० हरवणं क्षम्य, हे गणित त्यांनी कागदावर मांडून दिलं. मुख्याध्यापकांनी शब्दकोश, विश्वकोशाचे खंड आणि महागडी पुस्तकं कुलपात ठेवायची अट घातली. बाकीची उघड्या मांडणीवर आली.

आता पैशांचं. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं. पुस्तकं, मासिकं, डिंक, दोरा हा खर्च वेतनेतर पैशांतून भागवायचा असतो आणि त्या पैशांचा भरवसा नसतो. बाईंच्या वाट्याला वर्षाला आठ हजारांच्या आसपास येत. त्यांनी हिशेब तपासला, तेव्हा मोठं भोक वर्तमानपत्रांचं निघालं. ५ रुपयांचा अंक धरला तरी एका दैनिकाचे वर्षाला १,८०० रुपये होतात. वाचनालयात अशी तीन दैनिकं येत, म्हणजे ५,४०० रुपये. ती वाचत कोण? बहुतेक शिक्षक. मुलं शेवटचं खेळाचं पान आणि शब्दकोडं एवढंच बघत. बाईंनी दोन दैनिकं बंद केली. समोरच्या औषधाच्या दुकानातून कालचा अंक फुकट मिळायला लागला. शिक्षकखोलीत थोडी कुरकुर झाली. कोडं सोडवणाऱ्याला मात्र तारखेशी देणंघेणं नसतं. ३,६०० रुपये सुटले, आणि ते नव्या पुस्तकांपेक्षा जुनी पुस्तकं जगवण्यात जास्त गेले.

इथे बाईंचं खरं कसब दिसतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची एक प्रत घ्या. पाठ निघालेली, मधल्या दोन जुड्या सुट्या, आधीच्या कुणीतरी चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टी हा बाईंचा पहिला शत्रू. काही वर्षांत तिचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. पान हाताळण्याआधी त्या कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडून बघतात. दोन-तीन दुमडींत तुकडा हातात आला, तर कागद आम्लाने कुजलेला आहे. त्यात सुई घातली की भोकांच्या रेषेत पान फाटणार. असं पुस्तक शिवायच्या भानगडीत त्या पडत नाहीत.

कागद तग धरणारा असेल, तर सुट्या जुड्या जुन्याच भोकांतून जाड दोऱ्याने शिवायच्या आणि पाठीवर मांजरपाटाची पट्टी मैद्याच्या खळीने बसवायची. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. बाई घालत नाहीत, कारण मोरचूद विषारी आणि पुस्तक पाचवीतल्या मुलाच्या हातात जाणार. त्याऐवजी त्या लागेल तेवढीच खळ शिजवतात आणि उरलेली त्याच दिवशी टाकून देतात. खळ लावलेलं पुस्तक प्लास्टिकच्या कागदात घालून रात्रभर विटांखाली ठेवायचं, नाहीतर ओल्या कागदाला पीळ पडतो. गुळगुळीत कागदाच्या रंगीत पुस्तकांवर ही खळ धरत नाही. तिथे बाईंचा नाइलाज होतो.

पूर्वी शाळेत दुरुस्त झालेल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी पुठ्ठा चढायचा. पुस्तक टिकायचं, पण कुणी उचलायचं नाही. बाई मूळ मुखपृष्ठाचा उरलेला भाग कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवतात. तोही नसेल, तर चित्रकलेच्या तासाला एखाद्या मुलाकडून चित्र काढून घेतात. ही चित्रं काही वेळा पुस्तकाशी अजिबात जुळत नाहीत, आणि त्या पुस्तकांना विशेष मागणी असते.

'किशोर'च्या अंकांचं त्यांनी वेगळंच केलं. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि शाळेत त्याचे जुने अंक गठ्ठ्यांनी पडून होते. मासिकाच्या पिना गंजतात आणि गंज कागद खातो. बाईंनी पिना काढून सहा-सहा अंक एकत्र शिवले. नव्या पुस्तकाची किंमत न मोजता जाडजूड गोष्टींची पुस्तकं तयार झाली. वाचनाची सवय नसलेलं मूल कादंबरी उचलत नाही. चार पानांची गोष्ट, एक कोडं, एक विनोद असं काही मिळालं तर बसतं. सगळ्यात जास्त फाटतात ते हेच गठ्ठे. बाई ते दर उन्हाळ्यात पुन्हा शिवतात.

ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात असते, पण परीक्षा जवळ आली की ती गणिताला जाते. त्यावर बाईंनी वर्गपेट्या काढल्या. प्रत्येक वर्गाला एक खोकं, त्यात चाळीस पुस्तकं, नोंद ठेवायला दोन मुलं आणि महिन्याने खोकं पुढच्या वर्गाला. परत आलेल्या पेटीतली नोंदवही त्या बारकाईने वाचतात. तीन महिने एकाही मुलाने न उचललेलं पुस्तक पेटीतून निघतं. थोर पुरुषांची संक्षिप्त चरित्रं अशी सर्वांत जास्त निघाली. देणगीत मात्र अजून तीच येतात. वाढदिवसाला पुस्तक देणाऱ्या पालकांसाठी बाईंनी मुलांनी मागितलेल्या पुस्तकांची यादी फळ्यावर लिहायला सुरुवात केली. यादीत भुतांच्या गोष्टी वरच्या क्रमांकावर असल्यामुळे काही पालक नाराज आहेत.

पहिल्या वर्षाच्या पडताळणीत अकरा पुस्तकं कमी भरली. वीसची मुभा होती. त्यांतली चार सुट्टीनंतर परत आली. एक दहावी होऊन गेलेल्या मुलाच्या धाकट्या बहिणीने आणून दिलं.

विज्ञानाच्या मांडणीपुढे मात्र बाईंची युक्ती चालत नाही. तिथली बरीच पुस्तकं प्लूटोला अजून नववा ग्रह म्हणतात. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला बटुग्रहांत घातलं. ही पुस्तकं नोंदवहीतून बाद करायला संस्थेच्या समितीची मंजुरी लागते आणि तो प्रस्ताव दोनदा पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर बाईंनी प्रत्येक प्रतीत त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे. नव्या पुस्तकांसाठी निवृत्त शिक्षकांकडे त्यांनी शब्द टाकलाय. दोघांनी होकार दिला. तिसऱ्यांनी आधी चरित्रं घेणार का, असं विचारलं आहे.