हयातीचा दाखला, पेन्शन आणि ठेवीचा दर : ऐकीव काय, खरे काय

कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास त्र्यंबकेश्वरात रथोत्सवाची गर्दी असते. त्याच महिन्यात गावातल्या बँकांमध्ये निवृत्तांचीही गर्दी वाढते, कारण नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला हे समीकरण पक्के झाले आहे. मात्र ते सर्वांना लागू नाही. त्र्यंबकच्या एकाच गल्लीत सरकारी खात्यातले, जिल्हा परिषदेचे, नाशिकरोडच्या प्रेसमधले आणि सातपूरच्या कारखान्यातले निवृत्त राहतात. त्यांची पेन्शन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. त्यामुळे शेजाऱ्याचा नियम आपल्याला लागू होईलच असे नाही.

गैरसमज : सगळ्यांनी नोव्हेंबरमध्येच दाखला द्यायचा.

राज्य आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी नोव्हेंबर हाच नेहमीचा महिना आहे. केंद्राचे 80 वर्षांवरील निवृत्त 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात. कारखान्यातून निवृत्त होऊन भविष्य निर्वाह निधी संघटनेची, म्हणजे ईपीएस 95 ची पेन्शन घेणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. त्यांचा दाखला वर्षभरात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो.

नेमकी इथेच फसगत होते. समजा, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी 12 मार्चला दाखला दिला. पुढच्या वर्षी ‘आपले काय ते नोव्हेंबरात बघू’ म्हणून ते निवांत राहिले. मुदत मार्चमध्येच संपली आणि पेन्शन थांबली. ते बँकेत भांडायला गेले, पण बँकेच्या हातात काही नव्हते. अशा निवृत्तांनी दाखल्याची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि पुढच्या वर्षी तिच्या पंधरा दिवस आधीच नवा दाखला द्यावा. ज्यांना नोव्हेंबरच सोयीचा वाटतो, त्यांनी एकदा मुदतीआधी नोव्हेंबरात दाखला दिला की पुढचे चक्र तिथूनच सुरू होते.

गैरसमज : मोबाइलवर प्रमाण आयडी आला, म्हणजे काम झाले.

‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाली. शेतीकामाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नसे. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येऊ लागली आणि ती अडचण बरीच कमी झाली. घरच्या कोणाच्या अँड्रॉइड फोनवर ‘Jeevan Pramaan’ आणि ‘AadhaarFaceRD’ ही दोन अ‍ॅप घ्यायची. आधी फोन चालवणाऱ्याची ओळख नोंदवायची आणि मग निवृत्ताची माहिती भरायची : आधार क्रमांक, मोबाइल, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शन मंजूर करणारे आणि पेन्शन देणारे कार्यालय. चेहरा टिपताना उजेड तोंडावर हवा, पाठीमागून नको. नजर कॅमेऱ्याकडे ठेवून पापणी लववायची असते.

प्रमाण आयडी म्हणजे दाखला तयार झाल्याची खूण. तो आपल्या पेन्शन कार्यालयाने स्वीकारला का, ही पुढची पायरी आहे. पीपीओ क्रमांकात एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारे कार्यालय चुकीचे निवडले, तर दाखला नाकारला जाऊ शकतो. महाराष्ट्र सरकारच्या निवृत्तांची पेन्शन कोषागारातून खात्यावर येते. बँक ही फक्त खाते असलेली जागा. त्यामुळे ‘पेन्शन देणारे कोण’ या रकान्यात सवयीने बँक निवडू नये. जिल्हा परिषदेच्या निवृत्तांनी आपल्या पंचायत समितीत एकदा विचारून घ्यावे. दाखला दिल्यावर आठवड्याभराने जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर किंवा संबंधित कार्यालयात तो स्वीकारल्याची खात्री करावी. एवढे केले की डिसेंबरातला मनस्ताप टळतो.

ज्यांना दोन पेन्शन आहेत, म्हणजे स्वतःची एक आणि दिवंगत जोडीदाराची कुटुंब निवृत्तिवेतनाची दुसरी, त्यांनी प्रत्येक पीपीओसाठी वेगळा दाखला द्यायचा. एकावर दुसरी चालत नाही. पुनर्विवाह केलेल्यांना किंवा पुन्हा नोकरीत लागलेल्यांना डिजिटल दाखला मिळत नाही. त्यांनी कागदी दाखलाच द्यावा.

फोन जमत नसेल, तर राज्याचे निवृत्त पूर्वीसारखी बँकेतल्या कोषागाराच्या यादीवर सही करू शकतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढतो. ही पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा असून तिचे शुल्क 70 रुपये ठरले होते. ‘दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा’ असा फोन मात्र कुठलेही कार्यालय करत नाही. ओटीपी आपण स्वतः काम सुरू केले असेल तेव्हाच वापरायचा.

गैरसमज : दाखला राहिला, म्हणजे पैसे बुडाले.

पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला पोचला की मधल्या महिन्यांची थकबाकी जमा होते. केंद्राच्या बाबतीत तीन वर्षांहून जास्त खंड पडला तर वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते, म्हणून फार लांबवू नये. आणखी एक : केंद्राची पेन्शन महिन्याच्या अखेरीस जमा होते, पण मार्चची एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी किंवा त्यानंतर येते. 31 मार्चला खाते रिकामे दिसले, तर दाखल्याचा संशय घेऊ नये.

गैरसमज : साठी झाली की प्रत्येक ठेवीवर जास्त व्याज.

बँका साधारणपणे ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त देतात, पण तो नव्या ठेवीवर. साठ पूर्ण होण्याआधी ठेवलेल्या ठेवीचा दर सहसा आपोआप वाढत नाही. पोस्टाच्या मुदत ठेवीत ज्येष्ठांना जादा दर मिळत नाही. तिथे ज्येष्ठांची स्वतंत्र योजना आहे : ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के जाहीर झाला आणि कमाल मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख झाली. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेते. खाते उघडताना जो दर असतो, तो पाच वर्षे कायम राहतो. खाते उघडायच्या दिवशी चालू दर विचारूनच घ्यावा.

हिशेब असा. 10 लाख ठेवले तर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 82,000 आणि तिमाहीला 20,500 रुपये मिळतात. हे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी जमा होते. ते उचलले नाही, तर त्यावर पुढे व्याज चढत नाही. म्हणून ते बचत खात्यावर वळते करून घ्यावे. पैसे मध्येच लागले तर कात्री बसते. वर्षाच्या आत खाते बंद केले तर दिलेले सगळे व्याज मुद्दलातून वजा होते. एक ते दोन वर्षांत बंद केले तर मुद्दलाचा दीड टक्का, म्हणजे 10 लाखांवर 15,000 रुपये कापले जातात, आणि दोन वर्षांनंतर एक टक्का. त्यामुळे दवाखान्याचा खर्च यात अडकवू नये. तेवढी रक्कम साध्या ठेवीत वेगळी ठेवावी.

पतसंस्थेचा जास्त दर ऐकून मोहरून जाणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ठेवीदारास मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांचे विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.