परतीच्या कथेची संहिता : सणाची तयारी आणि संवाद

परदेशातून सणासाठी घरी परतलेल्या तरुणाची कथा लघुपटासाठी संहितारूपात कशी मांडावी, हे या घटकात आपण एका उदाहरणाच्या आधारे पाहणार आहोत. संहितेचे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते, असे ढोबळमानाने धरले जाते. म्हणजे दहा मिनिटांच्या लघुपटासाठी आपल्याजवळ सुमारे दहा पाने आहेत.

कथाकार सहज लिहू शकतो : ‘सहा वर्षांनी घरी आलेल्या त्याला आपण परके झालो आहोत असे वाटले.’ कथेत हे वाक्य चालते. संहितेत ते चित्रित करता येत नाही, कारण ‘वाटणे’ कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून संहितालेखकाला दोन गोष्टी शोधाव्या लागतात : परकेपण उघड करणारी कृती आणि ते ऐकवणारी भाषा. सणाची तयारी या दोन्ही गोष्टी पुरवते. शिवाय ती मुदतही घालून देते. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात वडिलांच्या मृत्यूनंतरचे दिवसकार्य मुंबईच्या मुलाला वाड्यात आणते आणि तेथेच थांबवून ठेवते. आपल्या उदाहरणात हे काम गणेश चतुर्थी करते.

कथास्थळ मावळातील सुदुंबरे. दिवस हरतालिकेचा; उद्या सकाळी मूर्ती बसायची आहे. शिवारात भात उभा आहे आणि घरातल्या बायकांचा उपवास आहे.

दृश्य २. अंतर्गत. माजघर. सायंकाळ.

(आजी चिंचेने पितळी समई घासते आहे. नातू दाराशी उभा. धाकटी चुलत बहीण दुर्वा निवडते आहे.)

नातू : आजी, मी काय करू?
बहीण : दादा, तुम्ही बसा. मी चहा आणते.
नातू : तुझा तर उपास आहे ना?
आजी : फडताळातल्या वाती आण.

(नातू न विचारता कोपऱ्याकडे चालत जातो. तेथे फ्रीज आहे. तो थबकतो.)

बहीण : फडताळ काढलं, दादा. वाती देवघरात असतात आता.

या दृश्यात ‘मी परका झालो’ असे कोणीही म्हणत नाही. पाय जुन्या जागेकडे वळतात आणि जागा बदललेली असते; सहा वर्षे एवढ्यात कळतात. दुसरी खूण भाषेची आहे. लहानपणी ‘दादा, तू’ म्हणणारी बहीण आता ‘तुम्ही बसा’ म्हणते. मराठीत ‘तुम्ही’ आदराचे तसेच अंतराचेही सर्वनाम आहे. येथे ते पाहुण्याला उद्देशून आले आहे आणि त्यानेच नातवाला घराबाहेर ठेवले आहे. आजी मात्र त्याला काम सांगते. तिच्या लेखी तो पाहुणा नाही.

दृश्य ५. अंतर्गत. माजघर. रात्र.

(नातू माळ्यावरून चौरंग उतरवतो. एक पाय डुगडुगतो. तो खाली बसून खुंटी शोधतो. बहीण हातोडी घेऊन येते.)

बहीण : दादा, तू घट्ट धर. मी ठोकते.

(नातू वर पाहतो. मग चौरंग धरतो.)

‘तुम्ही’चे ‘तू’ झाले, हाच या लघुपटाचा उत्कर्षबिंदू. बहिणीला हा बदल जाणवलेला नाही, नातवाला जाणवला आहे. म्हणून त्याच्या वर पाहण्यानंतर संवाद लिहू नये. हा बदल प्रेक्षकाच्या लक्षात यावा यासाठी दृश्य २ ते ४ मध्ये बहिणीने ‘तुम्ही’ सातत्याने वापरले पाहिजे. एकदा जरी चुकून आधीच ‘तू’ आले, तरी शेवट निष्प्रभ होतो.

अशा संहितेत तीन दोष वारंवार आढळतात. पहिला, नातवाच्या तोंडी सतत इंग्रजी घालणे. त्याने व्यक्तीऐवजी व्यंगचित्र उभे राहते. दुसरा, मोदक, मखर, रांगोळी, आरती यांची यादी होणे. प्रत्येक वस्तू वगळून पाहावी. कथा जशीच्या तशी राहिली तर ती वस्तू अनावश्यक समजावी. आपल्या संहितेत फडताळ आणि चौरंग वगळता येत नाहीत. तिसरा, भाव संवादातून सांगून टाकणे. तो ओळखण्यासाठी सर्व संवाद झाकून केवळ कंसातील कृती वाचाव्यात. माणूस जुन्या जागेशी थबकतो आणि पुढे घरच्या कामाला हात लावतो, एवढे त्यातून कळले पाहिजे. मात्र ‘तुम्ही’–‘तू’ हा बदल कृतीतून कळणार नाही. त्यासाठी संवाद हवाच. संवादाने तेवढेच काम करावे, जे कृतीला करता येत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दृश्य २ मध्ये बहिणीऐवजी काकांनी नातवाला बसायला सांगितले असते, तर सर्वनामाचा परिणाम तसाच राहिला असता का? कारण द्या.
२. ‘त्याला आजी थकल्यासारखी वाटली’ या वाक्याचे, संवाद न वापरता, सणाच्या तयारीतील एका कृतीत रूपांतर करा.