फोटो ऐकणाऱ्यांसाठी लिहिताना

कांद्याचे भाव पडल्याची बातमी आहे. वर मोठा फोटो: लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, पुढच्या ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि बाजूला हाताची घडी घालून उभा असलेला शेतकरी. फोटोखाली ओळ आहे, ‘लासलगाव : मंगळवारी कांद्याचा लिलाव.’

ही बातमी दृष्टिहीन वाचक फोनवर टॉकबॅकने किंवा संगणकावर एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरने ऐकतो. फोटोपाशी आल्यावर तो आवाज ‘इमेज’ किंवा ‘ग्राफिक’ म्हणतो आणि वेबसाइटच्या कोडमध्ये `alt` या जागी जे लिहिलं असेल ते वाचतो. त्याला आपण ऑल्ट टेक्स्ट म्हणतो. ती जागा लिहिलीच नसेल, तर फोटो कधी गुपचूप वगळला जातो, कधी `IMG_4471.jpg` असं फाइलचं नाव एकेक अक्षर करत कानावर आदळतं. अनेक वेबसाइटवर तिसरीच तऱ्हा दिसते. तिथे फोटोखालची ओळच जशीच्या तशी ऑल्टमध्ये जाते. मग तीच ओळ लागोपाठ दोनदा ऐकावी लागते आणि फोटोत काय आहे ते कळत नाही ते नाहीच.

या दोन ओळींची कामं वेगळी आहेत. फोटोखालची ओळ सगळ्यांसाठी असते. ती जागा, दिवस, नावं, म्हणजे फोटो पाहूनही कळणार नाही ते सांगते. ऑल्ट टेक्स्टने डोळ्यांनी कळणारं सांगायचं, आणि तेही त्या बातमीला लागेल तेवढंच.

आपल्या फोटोसाठी पहिला प्रयत्न साधारण असा होतो: ‘लाल कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेत व्यापाऱ्यांच्या घोळक्याच्या बाजूला हाताची घडी घालून उभा असलेल्या शेतकऱ्याचे छायाचित्र.’ यातलं ‘छायाचित्र’ तर जावंच, कारण ‘इमेज’ हे आवाज स्वतःच सांगतो. त्याहून मोठी अडचण मराठीच्या रचनेची आहे. आपण विशेषणं आधी रचत जातो आणि ज्याच्याविषयी बोलतोय ते शेवटी आणतो. कागदावर नजर पुढेमागे फिरते म्हणून ते चालतं. ऐकणाऱ्याला मात्र शेतकरी भेटेपर्यंत कांदा, ट्रॉल्या, रांग आणि घोळका डोक्यात धरून ठेवावा लागतो. म्हणून वाक्यं तोडावीत, मुख्य गोष्ट आधी घ्यावी:

```html
<figure>
<img src="kanda-lilav.jpg" alt="शेतकरी हाताची घडी घालून उभा आहे. शेजारच्या ट्रॉलीतला कांदा व्यापारी हातात घेऊन पाहत आहेत. मागे ट्रॉल्यांची लांब रांग.">
<figcaption>लासलगाव : मंगळवारी कांद्याचा लिलाव.</figcaption>
</figure>
```

‘हताश शेतकरी’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण हताशपणा आपण ठरवलेला असतो. हाताची घडी फोटोत दिसते. ती सांगावी, अर्थ ऐकणारा लावेल. हाच फोटो ट्रॉल्यांमुळे होणाऱ्या वाहतूक कोंडीच्या लेखात वापरला, तर शेतकरी मागे जाईल आणि रांग पहिल्या वाक्यात येईल. एका फोटोचा एकच कायमचा ऑल्ट टेक्स्ट नसतो. रंगाचंही तसंच. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांच्या भावातला फरक हा बातमीचा विषय असेल, तर ‘लाल’ हवंच. नाहीतर सोडलं तरी चालेल. केवळ शोभेची वेलबुट्टी असेल, तर `alt=""` असं मुद्दाम रिकामं ठेवावं, म्हणजे आवाज तिच्यावरून पुढे जातो.

कोडमध्ये दोन ठिकाणी घात होतो. ऑल्टमध्ये कुणाचं बोलणं देताना " असं सरळ दुहेरी अवतरण टाकलं, तर मजकूर तिथेच संपला असं ब्राउझर समजतो आणि पुढचं गायब होतं. दुसरं म्हणजे पानाच्या सुरुवातीला `<html lang="mr">` हवं. तिथे `en` राहिलं, तर इंग्रजी आवाज देवनागरी वाचू पाहतो आणि अडखळतो किंवा चक्क गप्प बसतो.

सर्वांत वाईट गत असते ती फोटो म्हणून टाकलेल्या सूचनेची. ‘उद्या पाणीपुरवठा बंद’ असं पत्रक फोटोच्या रूपात चढवतात आणि ऑल्टमध्ये लिहितात, ‘महत्त्वाची सूचना’. कोणत्या भागात, किती ते किती, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. अख्खं पत्रक ऑल्टमध्ये कोंबणं हाही उपाय नव्हे, कारण तिथे परिच्छेद नसतात आणि एखादी वेळ हुकली तर नेमकं तिथे परत जाणं अवघड होतं. तो मजकूर पानावरच साधा टाइप करावा, आणि ऑल्टमध्ये ‘पाणीपुरवठ्याचे पत्रक, मजकूर खाली दिला आहे’ एवढंच लिहावं.

पान प्रसिद्ध करण्याआधी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि एक बोट डावीकडून उजवीकडे सरकवत आपली बातमी ऐका. जिथे फोटो समजला नाही, तिथला ऑल्ट पुन्हा लिहा.