महिनाभर विश्रांती, आणि पुन्हा तेच दुखणं

“मॅडम, नमस्कार. मी सांगलीकडचा. वय २७, वजन ७८ किलो, बऱ्याच वर्षांपासून वेटलिफ्टिंग करतो. स्क्वॉट १५० किलोपर्यंत जातो. डाव्या गुडघ्यात वाटीच्या अगदी खाली दुखतं. बोट ठेवून दाखवता येईल इतकी जागा ठरलेली आहे. दोन वर्षांत ही तिसरी वेळ. दर वेळी महिनाभर सगळं बंद ठेवतो, दुखणं जातं. परत सुरू केलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बहुतेक जर्कच्या दिवशी, पुन्हा तेच. पहिले दोन सेट दुखतं, मग अंग गरम झालं की कमी होतं; पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. सूज नाही, गुडघा अडकत नाही. सोनोग्राफीत टेंडन जाड झाल्याचं आलंय. आता चार आठवडे पूर्ण आराम झाला. दहा आठवड्यांनी स्पर्धा आहे. एक तारखेला सराव सुरू करण्याआधी कोणते व्यायाम करू, तेवढं सांगा.”

वजन उचलणाऱ्या मुलांची अशी पत्रं फिजिओथेरपिस्टला नवी नाहीत. हे त्यांतलंच एक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्र चांगलं आहे, कारण निदानाला लागतं त्यातलं बरंचसं त्याने न विचारता सांगितलं आहे. दुखणारी जागा एका बोटाखाली मावते. सुरुवातीला दुखतं, मध्ये कमी होतं आणि खरा हिशोब दुसऱ्या सकाळी चुकता होतो. ही चाल टेंडनच्या दुखण्याची आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाटीवरून नडगीच्या हाडापर्यंत नेणारा जो जाड पट्टा असतो, तो हा टेंडन. दुखणं वाटीच्या मागे, नेमकी जागा सांगता न येणारं आणि बराच वेळ बसून उठताना वाढणारं असतं, तर वाटीच्या सांध्याचा विचार केला असता. गुडघा अडकत असता किंवा आतल्या-बाहेरच्या कडेला दुखत असतं, तर गादीचा. आणि ‘कट्’ असा आवाज होऊन पाय सरळ उचलताच येईनासा झाला असता, तर पत्र न लिहिता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं. तेव्हा टेंडन तुटलेला असू शकतो.

पत्रात नसलेल्या दोन गोष्टी मी विचारून घेतल्या. गेल्या काही महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं होतं का? या गटातली औषधं टेंडनला बाधू शकतात. आणि गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं का? त्याने काही आठवडे छान वाटतं, पण पुढचे महिने बरेचदा वाईट जातात. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं.

आता मूळ प्रश्न. महिनाभराच्या विश्रांतीने गुडघा शांत होतो, तर मग तो पुन्हा का बिघडतो?

विश्रांतीने दुखणं कमी होतं, सोसण्याची ताकद वाढत नाही. उलट ती घटते. टेंडन मुख्यतः कोलॅजनच्या तंतूंचा असतो. त्याच्यावर नियमित भार पडत राहिला तरच तो ताठ आणि कणखर राहतो. चार आठवडे भार काढून घेतला की मांडीचा स्नायू बारीक होतो आणि टेंडनही मऊ पडतो. मुलगा मात्र परतताना आधीचे आकडे डोक्यात घेऊन येतो. दोन आठवड्यांत तो जुन्या वजनाच्या जवळ पोहोचतो आणि आधीपेक्षा कमकुवत झालेल्या टेंडनवर आधीइतकाच भार टाकतो. हे चक्र तीनदा फिरलं की प्रत्येक फेरीची सुरुवात मागच्यापेक्षा खालून होते. महिनाभर घरी बसणं हाच या दुखण्याचा अर्धा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘थोडा आराम करा, बरं वाटेल’ हा सल्ला त्याला घरी मिळाला, जिममध्ये मिळाला आणि दवाखान्यातही मिळाला.

दुखणं जर्कच्याच दिवशी का उठतं, हेही समजून घ्यायला हवं. जर्कमध्ये खांद्यावरचा बार डोक्यावर न्यायचा असतो. त्यासाठी लिफ्टर गुडघे थोडे वाकवतो आणि क्षणार्धात दिशा उलटवून वर झेपावतो. त्या उलटण्याच्या क्षणी टेंडन गलोलीच्या रबरासारखा ताणून शक्ती साठवतो आणि सोडतो. सावकाश केलेल्या स्क्वॉटमध्ये वजन जास्त असलं तरी हा झटका नसतो. १९७७ साली अमेरिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्पर्धेचं चित्रीकरण चालू असताना एका लिफ्टरचा नेमका हाच टेंडन तुटला होता. बारवर १७५ किलो होते आणि तो जर्कसाठी खाली जाऊन वर वळत होता. चित्रफितीवरून केलेल्या गणितात टेंडनवरचा ताण त्याच्या वजनाच्या साडेसतरा पटींहून जास्त निघाला. त्या उदाहरणाने घाबरून जायचं कारण नाही, तसं तुटणं फार दुर्मीळ असतं. पण भाराइतकाच वेगही मोजायचा असतो, हे त्यातून कळतं.

म्हणून मी त्याला कळवलं की सराव सुरू करण्याआधीचे व्यायाम असा वेगळा प्रकार नसतो. हे व्यायाम हाच सरावाचा पहिला भाग आहे आणि तो एक तारखेची वाट न पाहता उद्यापासून सुरू करायचा. स्पर्धा मात्र या वेळी सोडायची. दहा आठवड्यांत ती बसत नाही.

त्याआधी तो एकदा येऊन दाखवून गेला. डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा कमी भरला. समोरून पाहिलं तर स्क्वॉटमधून उठताना तो नकळत उजव्या पायावर झुकत होता. मग त्याला उतरत्या फळीवर, टाच वर ठेवून, डाव्या एका पायावर हळू बसायला लावलं. या चाचणीत वाटीखालच्या टेंडनवर नेमका भार येतो. दुखणं दहापैकी पाच. हीच चाचणी रोज सकाळी एकाच वेळी करून आकडा वहीत लिहायचा, हे त्याचं पहिलं काम. आदल्या दिवशीचा भार सोसला की नाही, ते या आकड्यावरूनच ठरतं. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा नेहमीच्या पातळीवर परत यायला हवा. दोनने वाढला, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता ताण द्यायचा. लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून, जड वजनावर ४५ सेकंद धरून ठेवायचं. मध्ये दोन मिनिटं थांबायचं आणि असं पाच वेळा. मशीन नसेल तर मजबूत पट्टा खांबाला बांधून गुडघ्यांच्या मागून घ्यायचा आणि त्याच्या आधाराने मागे झुकून अर्ध्या बैठकीत थांबायचं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात सहा व्हॉलीबॉलपटूंवर झालेल्या प्रयोगात अशा धरून ठेवण्याने दुखणं लगेच कमी झालं आणि ही पद्धत जगभर गेली. नंतरच्या अभ्यासांत मात्र सगळ्यांनाच तसा आराम पडला नाही. म्हणून मी ती जादू म्हणून देत नाही. दुखऱ्या पायावर भार टाकायची सोय म्हणून देते.

खरं काम त्यानंतरच्या बारा आठवड्यांत होतं. आठवड्यातून तीन दिवस, जड आणि सावकाश. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. २००९ साली डेन्मार्कमध्ये याची नीट तपासणी झाली. स्क्वॉट, लेग प्रेस आणि हॅक स्क्वॉट हे तीन व्यायाम, प्रत्येकाचे चार सेट. पहिल्या आठवड्यात पंधरा वेळाच उचलता येईल इतकं वजन, मग बारा, दहा, आठ आणि शेवटच्या चार आठवड्यांत सहा वेळाच उचलता येईल इतकं. आमच्या मुलाची सुरुवात ७५ किलोच्या स्क्वॉटने झाली. १५० किलो उचलणाऱ्याला हे अपमानास्पद वाटतं, पण सावकाश तिसऱ्या सेटला ७५ किलोही घाम काढतात. लेग प्रेस एका-एका पायाने करायला लावला, कारण दोन्ही पाय एकत्र असले की उजवा पाय डाव्याचं काम करून टाकतो. ओढण्याचे प्रकार आणि खांद्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून चालू होते. त्यामुळे जिम सुटली नाही.

पाचव्या आठवड्यात त्याचा घाबरलेला निरोप आला. आकडा दोनवरून पाचवर गेला होता. जड स्क्वॉटच्या दुसऱ्याच दिवशी तो मित्रांबरोबर सिंहगड चढून उतरला होता. उतरणं हा मांडीच्या पुढच्या स्नायूला आणि या टेंडनला मिळणारा मोठा मार आहे, तोही हजारो वेळा. त्याचा पहिला प्रश्न होता, आता आराम करू का? नाही. दोन दिवस फक्त ४५ सेकंदांचे धरून ठेवण्याचे व्यायाम, मग वजन मागच्या आठवड्याइतकं आणि तिथून पुढे. आठवड्याभरात आकडा पुन्हा दोनवर आला. अशा वेळी सगळं बंद केलं असतं, तर चौथी फेरी सुरू झाली असती.

सावकाश वजनात सकाळचा आकडा शून्य-एकवर टिकला आणि एका पायाच्या लेग प्रेसमधला डाव्या-उजव्याचा फरक दहा टक्क्यांच्या आत आला, तेव्हाच वेग आणला. आधी दोन पायांवर छोट्या उड्या, मग हलकी पुश प्रेस, मग जर्कची फक्त खाली-वर हालचाल आणि शेवटी पूर्ण जर्क. वेगाचे दिवस दर तिसऱ्या दिवशीच, मधल्या दिवसांत सावकाश स्क्वॉट किंवा विश्रांती. इथे घाई झाली तर सगळं फसतं, कारण टेंडनची तक्रार त्याच दिवशी येत नाही. ती दुसऱ्या सकाळी येते आणि तोवर माणसाने अजून दोन सेट मारलेले असतात.

पुन्हा सोनोग्राफी करू का, असं त्याने मध्येच विचारलं. गरज नव्हती. टेंडनचा जाडपणा दुखणं गेल्यावरही दिसत राहतो आणि काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंमध्येही सापडतो. नी-स्लीव्हने ऊब आणि धीर मिळतो. तो घालायला हरकत नाही, पण त्याने टेंडन बळकट होत नाही.

पाच महिन्यांनी तो पूर्ण सरावात परतला. आठवड्यातून दोनदा सावकाश, जड स्क्वॉट मात्र अजून चालू आहेत आणि खेळत असेपर्यंत चालू ठेवायचे आहेत. तुम्हालाही असं पत्र लिहायचं असेल, तर कुठे दुखतं, कोणत्या वजनाला दुखतं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं आणि मागच्या वेळी किती दिवस बंद ठेवलं होतं, एवढं नक्की लिहा. शक्य असेल तर एक तारखेआधीच लिहा.