आधी डोळ्यांपुढे चमचमती करवत, मग अर्धशिशी : त्या वीस मिनिटांत मेंदूत काय घडतं?

वाचता वाचता ओळीतलं एखादं अक्षर दिसेनासं होतं. चष्मा पुसला, डोळे चोळले तरी फरक पडत नाही. थोड्या वेळाने त्या जागी करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी, लुकलुकणारी रेघ दिसू लागते. ती हळूहळू मोठी होत कडेला सरकते आणि वीस-पंचवीस मिनिटांत नाहीशी होते. हुश्श म्हणावं, तर डोक्याची एक बाजू ठणकायला लागते, उजेड नकोसा होतो, मळमळतं. आपल्याकडे बहुतेक वेळा यावर दोनच निदानं घरच्या घरी होतात. दिसण्याच्या तक्रारीसाठी ‘चष्म्याचा नंबर वाढला’ आणि उलटी झाली की ‘पित्त उसळलं’. खरं तर दोन्ही एकाच आजाराचे भाग आहेत. आजार अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा. डोकेदुखीच्या आधी येणाऱ्या या दृश्य-खेळाला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. मायग्रेन असलेल्या सगळ्यांना तो येत नाही. साधारण चौघांतल्या एकाला किंवा तिघांतल्या एकाला येतो.

ऑरा डोळ्यात घडत नाही, हे पहिल्यांदा समजून घ्यायला हवं. त्याची परीक्षा सोपी आहे. रेघ दिसत असतानाच एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा. दोन्ही वेळा ती त्याच बाजूला दिसत राहिली, तर गडबड डोळ्यामागच्या मेंदूत आहे. डाव्या बाजूला जे दिसतं ते दोन्ही डोळ्यांकडून मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, अगदी मागे, डोक्याच्या पाठच्या हाडालगत असलेल्या दृष्टिकेंद्रात पोचतं. म्हणून करवत डावीकडे दिसली की घटना उजवीकडे घडत असते. पुष्कळांचं डोकंही मग उजवीकडेच दुखतं. पण हा काही पक्का नियम नाही.

आता एक उदाहरण घड्याळ लावून पाहू. समजा, निपाणीतल्या एका शाळेत एक शिक्षिका पेपर तपासताहेत. 11 वाजून 5 मिनिटांनी त्यांना आकड्याच्या किंचित डावीकडे एक धूसर ठिपका जाणवतो. 11.10 पर्यंत तो फार वाढत नाही, फक्त त्याच्या कडेला लुकलुक सुरू होते. 11.15 ला ती डावीकडे फुगलेल्या चंद्रकोरीसारखी झालेली असते. बाहेरची कड चमचमती आणि दातेरी, आत मात्र काहीच नाही. काळोख नव्हे, नुसतं ‘नाहीपण’. 11.20 नंतर कोर झपाट्याने पसरते, तिचे दातेही मोठे होतात आणि 11.27 च्या सुमारास ती डाव्या कडेबाहेर निघून जाते. मधला भाग त्याआधीच पूर्ववत झालेला असतो. 11.45 ला उजवं कानशील ठणकू लागतं.

या सगळ्या क्रमाला एक कारण आहे. ते शोधायला सुरुवात केली ती एका रुग्णानेच. कार्ल लॅशली हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्यांना स्वतःला ऑरा येई. आला की ते कागदावर त्याची आकृती थोड्या थोड्या वेळाने काढून ठेवत. मेंदूच्या दृष्टिकेंद्राचा कोणता भाग नजरेतल्या कोणत्या जागेसाठी काम करतो, हे तेव्हा बरंच ठाऊक झालं होतं. लॅशलींनी आकृत्या त्या नकाशावर बसवल्या आणि 1941 मध्ये हिशेब मांडला : मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. मुंगीसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी भरभर जाते. साठ मिलिमीटरचा पट्टा ओलांडायचा तर याच वेगाने वीस मिनिटं लागतील. ऑरा साधारण तेवढाच वेळ का टिकतो, याचं उत्तर या साध्या भागाकारात आहे.

ते ‘काहीतरी’ काय, हे तीनच वर्षांनी दिसलं. ब्राझीलचे तरुण संशोधक अरिस्टिडीस लेआंव हार्वर्डमध्येच फेफऱ्यावर काम करत होते. सशाच्या मेंदूला एका जागी हलका विजेचा धक्का दिल्यावर त्यांना फेफऱ्यासारखा उद्रेक दिसण्याऐवजी उलटंच दिसलं. तिथली विजेची हालचाल थंडावली आणि ती शांतता मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने आजूबाजूला पसरत गेली. 1944 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे दोघांचे वेग इतके जुळत असूनही या दोन कामांची सांगड घालणारं टिपण पीटर मिल्नर यांनी लिहिलं ते 1958 मध्ये. माणसाच्या मेंदूत पुरावा मिळायला तर 2001 उजाडलं. बोस्टनच्या संशोधकांनी व्यायामाने ऑरा सुरू होणाऱ्या एका माणसाला एमआरआय यंत्रात ठेवून ही लाट दृष्टिकेंद्रावरून त्याच सावकाश चालीने सरकताना टिपली.

लाट पुढे जाते ती शेजाऱ्याने शेजाऱ्याला पेटवावं तशी. एका जागच्या पेशी एकदम उद्दीपित झाल्या की त्यांच्यातून पोटॅशियम आणि ग्लुटामेट बाहेर सांडतं. बाहेर त्यांचं प्रमाण वाढलं की लगतच्या पेशीही पेटतात, त्यांच्यातूनही सांडतं, आणि असंच पुढे. वाट रसायनांच्या पाझरण्याची असल्यामुळे वेग इतका कमी. प्रत्येक जागच्या पेशी थोडा वेळ भडकतात आणि मग कित्येक मिनिटं गप्प होतात, कारण सांडलेलं परत आत भरून घ्यायला त्यांना वेळ लागतो. भडकलेली कड म्हणजे चमचमती करवत, आणि तिच्या मागची गप्प पडलेली पट्टी म्हणजे ते ‘नाहीपण’. रेघ दातेरी का, तर दृष्टिकेंद्रातल्या पेशी ठरावीक दिशेच्या रेघांना दाद देणाऱ्या असतात. त्या स्वतःहूनच पेटल्या की समोर काही नसताना वेगवेगळ्या कोनांतल्या रेघांचे तुकडे दिसतात. जुन्या डॉक्टरांना त्यात किल्ल्याच्या कोनाकोनांच्या तटबंदीचा नकाशा दिसला आणि त्यांनी नावही तसंच दिलं.

शिक्षिकेच्या उदाहरणात ठिपका आधी रेंगाळला आणि शेवटी धावला. लाटेचा वेग मात्र बदललेला नसतो. आपण नजर रोखून जे बघतो, त्या मधल्या छोट्याशा दृश्यासाठी दृष्टिकेंद्राची भलीमोठी जागा राखलेली असते, आणि कडेच्या विस्तीर्ण दृश्यासाठी थोडीच. त्यामुळे मध्यभागी पाच मिनिटं चालूनही लाट नजरेत जेमतेम सरकते. कडेला तेवढ्याच चालीत ती मोठी मजल मारते.

डोकं दुखतं ते पुढच्या टप्प्यात. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, पण त्याच्यावरच्या आवरणाला कळतं. लाट गेल्यावर तिथे उरलेली रसायनं आवरणातल्या वेदनेच्या मज्जातंतूंना चेतवतात, ते तंतू आणखी दाहकारक द्रव्यं सोडतात आणि आवरणातल्या रक्तवाहिन्या हुळहुळ्या होतात. म्हणून नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक ठणका बसतो. ‘आधी शिरा आकसतात म्हणून दिसत नाही, मग फुगतात म्हणून दुखतं’ हे स्पष्टीकरण अजूनही ऐकू येतं, पण ते जुनं झालं. रक्तप्रवाह बदलतो हे खरं, मात्र तो पेशींच्या लाटेमागून बदलतो. सगळ्यांना डोकेदुखी येतेच असंही नाही. उतारवयात काहींना नुसती करवत दिसते आणि तिथेच संपते.

वेगाचा हा मुद्दा नुसता कुतूहलाचा नाही. पक्षाघाताचा झटका आणि ऑरा यांत फरक करायला तोच कामी येतो. ऑरा पाच मिनिटं किंवा जास्त वेळ घेत पसरतो, आधी काहीतरी जास्तीचं दाखवतो आणि सहसा तासाभरात पूर्ण जातो. काहींना त्यामागून बोटांत मुंग्या येतात. त्या दहा-वीस मिनिटांत हातावरून चढत ओठापर्यंत पोचतात, कारण लाट आता स्पर्शाच्या केंद्रावरून चाललेली असते. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते तेव्हा असं चालणं नसतं. अर्धी नजर, हात किंवा बोलणं एका क्षणात जातं, लुकलुक नसते. एकाच डोळ्यापुढे पडदा उतरला किंवा विजेसारखे झटके आणि काळे ठिपके दिसले, तर तो दृष्टिपटलाचा प्रश्न असू शकतो. मग त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

मात्र आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असलं, हातपाय लुळा पडला, बोलता येईना किंवा तासाभरानंतरही दिसणं सुधारलं नाही, तर घरी घड्याळ बघत बसू नये. गुठळी विरघळवणारं औषध झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 108 ची रुग्णवाहिका कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, तेलंगणा, गुजरात, मध्य प्रदेश सगळीकडे याच क्रमांकावर मिळते.

डॉक्टरांना सांगताना एक अडचण खास आपल्या भागातली. रुग्ण घरी मराठीत ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणतो, दवाखान्यात तेच कन्नड, हिंदी किंवा गुजरातीत ‘चक्कर’ होतं, आणि मग रक्तदाब नि साखर तपासून गाडी तिथेच थांबते. शब्दापेक्षा चित्र बरं. लॅशलींसारखं दर पाच मिनिटांनी कागदावर रेघ काढून शेजारी वेळ लिहिली, एक डोळा झाकून काय दिसलं तेही टिपलं, तर भाषा कुठलीही असो, डॉक्टरांना अर्धं निदान हातात मिळतं.

चालू असलेला ऑरा लगेच थांबवणारी गोळी नाही. वाहन चालवत असाल तर ते बाजूला घेऊन थांबणं, एवढंच तेव्हा करायचं. चोर्ला घाटात दुचाकीवर अर्धा रस्ता दिसत नसणं ही चेष्टा नव्हे. डोकेदुखीचं औषध मात्र दुखायला लागताच घ्यावं लागतं. ‘सहन होईना तेव्हा बघू’ म्हणेपर्यंत पोट मंदावलेलं असतं आणि गोळी नीट भिनत नाही. दुसऱ्या टोकाला, साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस घेतली जाऊ लागली, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. तिथवर पोचण्याआधी रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

बायकांनी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची असते, आणि ती विचारली जातेच असं नाही. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांना पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो. एकूण तो कमीच, पण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वाढतो, धूम्रपानाने आणखी. सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’मध्ये इस्ट्रोजेन असतं. ज्यांना अशी करवत दिसते त्यांनी या प्रकारच्या गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. आधीपासून चालू असतील तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना ऑराबद्दल सांगून इस्ट्रोजेन नसलेलं दुसरं साधन मागून घ्यावं, आणि ते सुरू होईपर्यंत निरोध वापरावा.