तारेपासून ताऱ्यापर्यंत

कार्तिकात रात्री दहाच्या सुमारास मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की पूर्वेला, रेवसच्या बाजूनं, मृग नक्षत्र वर येताना दिसतं. उत्तरेकडे मुंबईचा उजेड आभाळ पांढुरकं करतो, पण मृगातल्या काक्षीचा तांबूस ठिपका त्यातूनही ओळखू येतो. माझ्या ओटीवर अजून जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब आहे. त्याचा रंग आणि काक्षीचा रंग एकमेकांना बराच जवळचा. दोघांपैकी जास्त तापलेलं कोण? बल्बच्या तारेला हात लावता येत नाही आणि ताऱ्यापर्यंत पोचता येत नाही. तापमान काढायचं ते येणाऱ्या प्रकाशावरूनच.

त्यासाठी दोन नियम आहेत. पहिला विल्हेल्म वीन यांचा, १८९३ सालचा. तापलेली वस्तू सगळ्याच तरंगलांबींना थोडंफार उत्सर्जन करते, पण एका तरंगलांबीला ते सर्वाधिक असतं. वस्तू जितकी तापते तितकं हे शिखर लहान तरंगलांबीकडे सरकतं. हिशेब सोपा आहे: २८९८ ला शिखराच्या तरंगलांबीनं (मायक्रॉनमध्ये) भागलं की केल्विनमध्ये तापमान मिळतं. सूर्याचं शिखर अर्ध्या मायक्रॉनजवळ आहे, म्हणून उत्तर ५८०० च्या आसपास येतं.

हा नियम इतका सोपा दिसतो की माणूस त्यात हमखास फसतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं जुन्या सीडीवर बल्बचा वर्णपट पाडला आणि मोबाइलनं फोटो काढला. सर्वांत झळाळता पट्टा पिवळ्यात, ०.५८ मायक्रॉनला होता. भागाकार केला तर ५००० केल्विन आले आणि तो खूश झाला. मी एवढंच विचारलं, "टंगस्टन कधी वितळतं रे?" त्यानं पुस्तक उघडलं: ३७०० केल्विनच्या जरासं अलीकडे. म्हणजे त्याच्या उत्तराप्रमाणे बल्बमध्ये तार उरलीच नसती.

चूक भागाकारात नव्हती. २७०० केल्विनच्या तारेचं शिखर १.०७ मायक्रॉनला, म्हणजे अवरक्तात असतं. तिथं डोळा आंधळा, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात तर अवरक्त अडवणारी काच मुद्दाम बसवलेली असते. त्याला सापडलं ते कॅमेऱ्याच्या संवेदनेचं शिखर, तारेचं नव्हे. मृगातल्याच निळसर राजन्याची अडचण उलटी आहे. तो १२,००० केल्विनच्या घरात, त्याचं शिखर ०.२४ मायक्रॉनला, आणि तो अतिनील प्रकाश ओझोन वरच अडवतो. शिखराच्या दोन्ही बाजूंचा उतार उपकरणाला खरोखर दिसत असेल तरच वीनचा भागाकार करावा, असं माझं मत आहे.

म्हणून मला दुसरा नियम अधिक जवळचा वाटतो, आणि त्याचा जन्मही एका तारेतूनच झाला. जॉन टिंडल यांनी प्लॅटिनमची तार विजेनं तापवून तिचं उत्सर्जन मोजलं होतं. मंद लाल तार ५२५ अंश सेल्सिअसला, पांढरी झालेली १२०० अंशांना, आणि उत्सर्जन ११.७ पट वाढलेलं. १८७९ मध्ये योझेफ स्टीफन यांनी या आकड्यांकडे निरपेक्ष तापमानाच्या नजरेनं पाहिलं. ७९८ चे १४७३ केल्विन, म्हणजे १.८४६ पट. या गुणोत्तराचा चौथा घात घ्या, ११.६ येतात. एकूण उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतं, हा नियम त्यांनी मांडला. पाच वर्षांनी लुडविग बोल्ट्झमन यांनी तो सिद्धांतातून काढून दाखवला.

स्टीफन लगेच तारेवरून सूर्याकडे वळले. सुमारे १९५० अंशांना तापवलेला धातूचा पत्रा आकाशातल्या सूर्याएवढा दिसेल अशा अंतरावर ठेवला, तर सूर्याकडून त्याच्या २९ पट ऊर्जा येते, असं मोजमाप त्यांच्या हाती होतं. वातावरण एक तृतीयांश ऊर्जा गिळतं असं धरून त्यांनी ते ४३.५ केलं. त्याचं चौथं मूळ २.५७, पत्र्याचं तापमान २२२३ केल्विन. गुणाकार ५७०० केल्विन. आजचा आकडा ५७७२ आहे. गिळलेला भाग तृतीयांशाऐवजी चतुर्थांश धरला असता, तरी उत्तर जेमतेम १७० केल्विननं घसरलं असतं. चौथं मूळ मोजमापातल्या चुका अशा आवळून टाकतं.

आता ओटीवरचा बल्ब. साठ वॅटच्या तारेचं पृष्ठफळ साधारण ६० चौरस मिलिमीटर धरू. म्हणजे चौरस मीटरला दहा लाख वॉट. ही संख्या स्टीफनच्या स्थिरांकानं, ५.६७ × १०⁻⁸ नं भागून चौथं मूळ काढलं की २०५० केल्विन येतात. हे फार कमी आहे. कारण टंगस्टन आदर्श कृष्णपदार्थ नाही; पेटलेल्या तारेच्या तापमानाला ते आदर्शाच्या एक तृतीयांशच उत्सर्जन करतं. ही उत्सर्जकता ०.३३ हिशेबात घेतली की २७०० मिळतात. शिवाय साठातले काही वॉट बल्बमधला वायू पळवतो. ते दहा टक्के मानले तर २६३०.

हे खरं की नुसतं जमवलेलं, हे पाहायला तिसरी वाट आहे. बल्ब काढून गार असताना मल्टिमीटर लावला, ६४ ओहम आले. पेटलेला असताना २३० व्होल्टला साठ वॉट, म्हणजे ८८२ ओहम. जवळजवळ चौदा पट. टंगस्टनच्या रोधाच्या तक्त्यात ही वाढ २६०० केल्विनच्या थोडं पुढे सापडते. दोन वेगळ्या वाटा एकाच दारात आल्या.

काक्षीचं पृष्ठफळ कुठून आणायचं? ते लागतच नाही, हीच या रीतीची गंमत. ताऱ्याच्या पृष्ठावरची ऊर्जा इथवर येताना किती विरळ होते, हे फक्त तो आकाशात केवढा दिसतो यावर अवलंबून असतं. अंतर हिशेबातून आपोआप गळतं. काक्षीचं अंतर अजून नेमकं ठरलेलं नाही, तरी काही अडत नाही. तिचा कोनीय व्यास पहिल्यांदा मोजला मायकेलसन आणि पीझ यांनी, डिसेंबर १९२० मध्ये, माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई बसवून. अलीकडचं अवरक्त मोजमाप विकलेच्या ०.०४३ भागाइतकं आहे. पुण्यात उभं धरलेलं दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं नाणं मांडव्यावरून केवढं दिसेल, तेवढंच.

काक्षीची सगळ्या तरंगलांबींची मिळून ऊर्जा आपल्याकडे चौरस मीटरला वॉटच्या कोटीव्या भागाहून किंचित जास्त पोचते. तिची त्रिज्या अंतराच्या ९५ लाखाव्या भागाएवढी. त्या ९५ लाखांचा वर्ग करून ऊर्जेला गुणलं की पृष्ठावरचा आकडा मिळतो: चौरस मीटरला एक कोटी वॉट. बल्बच्या तारेच्या दसपट. चौथं मूळ काढलं की साधारण ३६४० केल्विन. ओटीवरच्या तारेपेक्षा हजारभर जास्त.

'सगळ्या तरंगलांबींची मिळून' हे शब्द सोडले की काय होतं, ते २०१९-२० च्या हिवाळ्यात दिसलं. काक्षी ०.५ प्रतीवरून १.६ पर्यंत उतरली; दृश्य प्रकाश चाळीस टक्क्यांच्याही खाली गेला. ही घट तशीच चौथ्या मुळात घातली तर तापमान २८५० च्या आसपास यावं. एमिली लेव्हेस्क आणि फिलिप मॅसी यांनी १४ फेब्रुवारी २०२० ला वर्णपटातले टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे मोजले. तारा खरंच एवढा गार झाला असता, तर ते पट्टे खूप गडद व्हायला हवे होते. आले ३६०० केल्विन. २००४ मध्ये तेच ३६५० होते. उरलेला अंधार ताऱ्यानं स्वतःच फेकलेल्या वायूतून जमलेल्या धुळीचा होता, आणि ती धूळ लांब तरंगलांबींना फारशी अडवत नव्हती. त्या फेब्रुवारीत जेट्टीवरून पाहताना काक्षी मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याएवढी मंद झाली होती. रंग मात्र डोळ्याला तसाच तांबूस वाटत होता.