चार्जर नव्हे, सेट-टॉप बॉक्स

वीज वाचवायची म्हणून मोबाइलचा चार्जर आठवणीने काढून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. हा सल्ला पूर्वीच्या जड, ठोकळ्यासारख्या चार्जरच्या काळातला. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मर असे आणि फोन लावलेला नसतानाही ते कोमट राहत. आजचा चांगला चार्जर नुसता खोचून ठेवला तर साधारण ०.१ वॉट घेतो. असे चार चार्जर वर्षभर चालू राहिले, तरी साडेतीन युनिट होतात. युनिटचा दर सगळे आकार धरून १० रुपये मानला, तर हा खर्च ३५ रुपये.

नव्या टीव्हीचंही तसंच. रिमोटने बंद केल्यावर तो अर्ध्या वॉटच्या आसपास घेतो. रोज पाच तास पाहून उरलेले एकोणीस तास तसाच ठेवला, तर वर्षाला पुन्हा साडेतीनच युनिट.

आता टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सला हात लावून पाहा. सकाळी, रात्रभर कोणी काही पाहिलेलं नसताना. तो गरम लागेल. रिमोटचं बटण दाबल्यावर अनेक बॉक्समध्ये फक्त चित्र थांबतं आणि दिव्याचा रंग बदलतो. आतला ट्यूनर आणि प्रोसेसर जागेच असतात. डिशचा बॉक्स असेल, तर गच्चीवरच्या डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीलाही केबलमधून वीज जात राहते. अशा बॉक्सचे १० वॉट धरले, तर एकोणीस तासांचे वर्षाला ६९ युनिट होतात, म्हणजे सुमारे ६९० रुपये. बेडरूममधला दुसरा बॉक्स रोज तासभरच पाहिला जात असेल, तर त्याचे ८४ युनिट, ८४० रुपये. जो टीव्ही कमी पाहिला जातो, त्याचाच बॉक्स जास्त वीज वाया घालवतो, हे मला सगळ्यात खटकतं.

हा हिशोब आपल्या घरात ताडून पाहता येतो. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर धरून सगळं बंद करा, फक्त बॉक्स रिमोटने बंद करून ठेवा आणि अर्धा तास मोजा. दिवा १६ वेळा लुकलुकला, तर बॉक्स १० वॉट घेतो आहे. चार्जरसाठी हा प्रयोग जमणार नाही. एकट्या चार्जरला एक पल्स भरायला तीन तास लागतील.

उपाय भिंतीवरच्या बटणाचा. त्यात थोडी गैरसोय आहे. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग होत नाही. हॉलमध्ये हे रोज जमलं नाही, तरी बेडरूममधल्या बॉक्सचं बटण आज रात्रीपासून बंद करा.